डीपी जळाली का रोहित्र?

*"ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आठवी ते दहावीला मराठी शिकवतो. मागच्या महिन्यात पेपरात एका वाचकाचं पत्र आलं, का बातम्यांतून सगळे इंग्रजी शब्द हाकलून द्या, मराठी बाटली. ते वाचून मी संपादकांना चार पानी उत्तर लिहिलं, का मोटर, लाईट, डीपी, मोबाईल हे आता आमचेच शब्द आहेत, खेड्यातला माणूस हेच बोलतो तर पेपरनंही हेच लिहावं. स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं तर संस्कृतचे सर म्हणाले, मराठीचा पगार घेऊन इंग्रजीची वकिली करता का. तेव्हापासून पत्र खिशातच आहे. खरं सांगायचं तर मीही पुरता ठाम नाही. पोरं 'डीपी जळाली' लिहितात ते मी कापत नाही, पण परवा एका पोरीनं 'माझा फेवरेट सीझन पावसाळा आहे' लिहिलं तिथं माझा पेन अडकला. सूट द्यायची तर कुठवर? पत्र आणि एका वहीच्या पानाचा फोटो सोबत जोडतो. पाठवू का नको?"*

सर, नमस्कार. पत्र पाठवा, पण हे नाही, दुसरं लिहा.

चार पानं कोणी छापत नाही हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. वाचकांच्या पत्रांना पेपरात जागा मिळून मिळून किती मिळते, त्यात चार-पाच पत्रं बसवायची असतात, म्हणजे तुमच्या वाट्याला दीडशे-दोनशे शब्द आले तरी नशीब, बाकीचं डेस्कवरचा पोरगा कापतो आणि रात्री साडेदहाला तो नेमकं काय कापेल हे त्याचं त्यालाही माहीत नसते. हे मी ऐकीव सांगत नाही. मी विदर्भातल्याच एका दैनिकात बरीच वर्षं मुद्रितशोधक होते, ही कात्री माझ्याही हातात होती.

दुसरं, तुमचं पत्र 'भाषा ही वाहती नदी आहे' इथून सुरू होते. ती नदी काढा सर. माझ्या टेबलावरून ती इतक्यांदा वाहून गेली की टेबल ओलं व्हायचं बाकी होतं. आणि गंमत अशी की समोरच्या बाजूचा माणूसही हीच नदी घेऊन येतो, फक्त त्याच्या नदीत गटाराचं पाणी शिरलेलं असते. दोघांचीही नदी खरी, त्यामुळे भांडण जिथल्या तिथं.

आता मुद्द्याचं. तुम्ही पत्रात पंधरा-वीस शब्द मोजून दाखवले, मोटर, लाईट, मोबाईल, टीव्ही, आणि म्हणता हे सगळे आपले. तुमच्याकडं एकच शब्द असा आहे की ज्याच्या जोरावर अख्खं पत्र उभं राहू शकते, आणि तो तुम्ही यादीत तिसऱ्या नंबरवर टाकून पुढे निघून गेले. डीपी.

या शब्दानं माझी एकदा चांगली फजिती केली आहे ती सांगते. फॅक्सचे दिवस होते. एका गावच्या वार्ताहरानं बातमी पाठवली, गावातली डीपी जळून नऊ दिवस झाले, पिठाची चक्की बंद, ओलित बंद. आमच्याकडं नियम होता की मराठी प्रतिशब्द असला तर तोच लावायचा, तर मी इमानेइतबारे 'डीपी'चं 'रोहित्र' केलं, 'ओलित'चं 'सिंचन' केलं आणि बातमी गेली: रोहित्र जळाल्याने सिंचन ठप्प. दोन-तीन दिवसांनी एक माणूस कात्रण घेऊन ऑफिसात आला, खांद्यावर दुपट्टा, घामानं निथळत होता. म्हणाला, बाई, गावाचं नाव बरोबर आहे, पण आमच्याकडं रोहित्र नाही, आमची तं डीपी जळाली. मी त्याला शहाणपणानं सांगायला लागली की अहो तेच ते, रोहित्र म्हणजेच तुमची डीपी. तो म्हणे तेच कसं? आमचा ट्रान्सफॉर्मर चांगला आहे, खालची पेटी जळाली. किटकॅट वितळले, केबल गेली. वीज ऑफिसातल्या साहेबाला बातमी दाखवली तर ते म्हणे रोहित्र शाबूत आहे, बातमी खोटी आहे, जा.

म्हणजे मी भाषा शुद्ध केली आणि बातमी चुकवली.

नंतर मी हे लाईनमनकडून नीट समजून घेतलं. रोहित्र म्हणजे फक्त ट्रान्सफॉर्मर, खांबांवर चढवलेला तो तेलानं भरलेला लोखंडी डबा, ज्यात वरच्या लाईनचा दाब उतरून घरात-वावरात चालेल एवढा होतो. आणि गावात डीपी म्हणजे ते अख्खं ठाणं: दोन खांब, वरचा डबा, खालची पेटी, पेटीतले फ्यूज ज्यांना सगळे किटकॅट म्हणतात, तिथून निघणाऱ्या केबला, आणि भोवतालची जागासुद्धा, कारण 'डीपीपाशी थांब, येतो' असं आपण सर्रास म्हणतो. किती ताकदीचा ट्रान्सफॉर्मर आहे तेही त्यातच येते, 63 ची डीपी, 100 ची डीपी, पुढचं केव्हीए कोणी बोलत नाही. आता या सगळ्याला 'रोहित्र' पुरत नाही, आणि गंमत म्हणजे 'ट्रान्सफॉर्मर' हा इंग्रजी शब्दही पुरत नाही. डी म्हणजे काय आणि पी म्हणजे काय हे गावात कोणी विचारत नाही, विचारायचं कारणच उरलं नाही. दोन इंग्रजी अक्षरं आपल्याकडं आली, आणि इथल्या गरजेप्रमाणे त्यांचा अर्थ पसरत गेला. हा अर्थ तुम्हाला विलायतेत मिळणार नाही. 'लाईन गेली' हेही तसंच, यवतमाळात लाईन गेली म्हणजे अंधार, मुंबईवाल्याला कदाचित लोकल आठवेल.

तर सर, तुमचं 'लोक बोलतात म्हणून लिहावं' हे म्हणणं मला कच्चं वाटते. लोक तर उद्या काहीही बोलतील, आणि कोणते लोक हाही प्रश्न आहेच. तुमचं पक्कं म्हणणं हे असायला पाहिजे की हा शब्द काढला तर अर्थ बदलते, बातमी चुकते. याला संस्कृतच्या सरांकडंही उत्तर नाही.

आता शब्द आपला झाला हे ओळखायचं कसं, तर तुम्ही व्याकरण शिकवता म्हणून हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं दिसेल. बघा, मराठीत नाम आलं की त्याला आधी लिंग द्यावं लागते, त्याशिवाय ते वाक्यात बसतच नाही. डीपी जळाली, मोटर बसली, बल्ब गेला, टेबल मोडलं. हे लिंग कोणी समिती बसवून ठरवलं नाही, तरी तुमच्या वर्गातलं पाचव्या बाकावरचं पोरगंही 'डीपी जळाला' म्हणणार नाही. मग अनेकवचन येते: फाईलच्या फायली, तिकीटची तिकिटं, आणि दोन गावच्या मिळून 'डीप्या जळाल्या' हे मी माझ्या कानानं ऐकलं आहे. मग सामान्यरूप: तिकिटाला, टेबलावर. 'तिकिटाला' मधला तो आखूड झालेला कि बघा, गरीबचं गरिबाला होते तसंच तिकीटचं तिकिटाला झालं, शब्द पुरता पचला. प्लॅटफॉर्मचा फलाट झाला आणि त्याला आता कोणी इंग्रजी म्हणतही नाही. क्रियापदं मात्र मराठी सहसा बाहेरून थेट घेत नाही, आपलंच क्रियापद जोडते. आपण फोन 'लावतो'. इंग्रजीत फोनला कोणी काही लावत नाही.

पण ही चाचणी नामांवर चालते, विशेषणांवर लंगडते. 'टाईट', 'फिट', 'फ्री' यांना लिंग-वचन काही लागत नाही तरी ते केव्हाचे घरात आले आहेत. म्हणून फेवरेटला या पट्टीनं मोजायला जाल तर फसाल.

त्या पोरीकडं येते, पण आधी तुमच्या पत्रातला एक खड्डा दाखवते. तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलं की शिवाजी महाराजांच्या काळापासून मराठीत फारसी शब्द आहेत, कोणी काढले का? सर, काढायचा प्रयत्न महाराजांनीच केला. रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली राजव्यवहारकोश झाला तो त्याचसाठी, कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी पेशव्याचंही पद पंतप्रधान झालं. तुमचं पत्र छापून आलं की तिसऱ्या दिवशी याच मुद्द्यावर तुम्हाला कोणीतरी उभं-आडवं घेईल. पुढची गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. पंतप्रधान हा शब्द राहिला, पण शनिवारवाड्यातल्या माणसांना लोक पेशवेच म्हणत राहिले. अर्ज, वकील, तालुका, जमीन, खर्च हेही कुठं गेले नाहीत, आणि ज्या खरीप-रब्बीवर तुमच्या वर्गातल्या निम्म्या घरांचं वर्ष चालते ते दोन्ही शब्द मुळात अरबी. संस्कृतच्या सरांनी तुम्हाला जो टोमणा मारला त्यातला 'पगार' पोर्तुगीज आणि 'वकिली' अरबी, हे मात्र त्यांना चहा पिताना सांगा, पत्रात नको.

आणि नवे घडवलेले शब्द सगळे हास्यास्पद असतात असं जे तुम्ही सुचवता तेही सोडा. सावरकरांच्या भाषाशुद्धीतले दिनांक आणि महापौर तुम्ही-मी रोज वापरतो, फाऊंटन पेनची 'झरणी' मात्र झरली नाही. का? मला याचं उत्तर कोशांपेक्षा शेतात जास्त मिळालं. ड्रिपला 'ठिबक' म्हणायला लागले ते आपल्या शेतकऱ्यांनी लगेच उचललं, कारण मडकं ठिबकते, छप्पर ठिबकते, तो शब्द तोंडात आधीपासून होता, फक्त नळीला लावला. स्प्रिंकलरला 'तुषार' केलं, ते अनुदानाच्या फॉर्मवर राहिलं, वावरात अजून स्प्रिंकलरच ऐकू येते. तुषार हा कवितेतला शब्द, नाहीतर पोराचं नाव. बोंडअळीच्या पतंगासाठी जो सापळा लावतात त्याला 'कामगंध सापळा' म्हणतात, आहे थोडा पुस्तकी, पण ऐकल्याबरोबर कळते की मादीच्या वासानं नर पतंग ओढून आणायचा आहे, म्हणून चालला. 'रोहित्र' ऐकून काय दिसते? काहीच नाही.

तरी रोहित्र शिकवा हं. बिलासोबतच्या कागदावर, सरकारी सूचनेत तोच शब्द असतो, आणि उद्या तुमच्याच पोराला अर्ज करायचा आहे. औपचारिक पत्रलेखन घेता तेव्हा त्यांना असं लिहायला लावा: आमच्या गावातील डीपीची पेटी जळाली आहे, रोहित्र सुस्थितीत आहे. एका वाक्यात दोन्ही शब्द, दोघांचं काम वेगळं, साहेबाला परत पाठवायला जागा नाही.

आता 'माझा फेवरेट सीझन'. इथं तुमचा पेन अडकला ते बरोबर अडकला, पण लाल रेघ मारायच्या आधी विचार करा. आवडता आणि ऋतू हे दोन्ही शब्द तिला येतात, नक्की येतात. मग तिनं हे का लिहिलं? माझा अंदाज, बाहेरच्या जगात असं बोलणाऱ्याला मान आहे हे तिनं पाहिलं आहे. डीपीनं कोणाची जागा घेतली नव्हती, जागा रिकामी होती. फेवरेटनं आवडत्याला उठवून त्याच्या खुर्चीत बसकण मारली. पण हा फरक रेघ मारून कळत नाही, रेघेनं तिला एवढंच कळेल की इंग्रजी शब्द लिहिला की मार्क जातात, आणि पुढच्या निबंधात ती मोटरलाही 'विद्युत जलउपसा यंत्र' करून ठेवेल. तिला विचारा, हेच तू घरी आजीला कसं सांगशील? ती म्हणेल, मले पावसाळा आवडते. सर, 'माझा आवडता ऋतू पावसाळा आहे' हे तरी कोणाच्या घरी बोलतात? ते वाक्य निबंधाच्या गाईडमधलं आहे, तिनं फक्त त्यातले दोन शब्द बदलले. म्हणजे रोग फेवरेटमध्ये नाही, आख्ख्या वाक्यात आहे, आणि तो तुम्ही-आम्ही लावलेला आहे. तिचं आजीला सांगितलेलं वाक्य फळ्यावर घ्या, मग पुढं पावसाळ्यात काय आवडते ते तिच्याच तोंडून काढा.

स्टाफरूमसाठी आणखी एक. संस्कृतच्या सरांना शाळेतल्या वर्णमालेच्या तक्त्यापाशी न्या. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयानं मराठीच्या वर्णमालेत ॲ आणि ऑ हे दोन स्वर अधिकृत झाले. बॅट आणि बॉल लिहायला आधीही आपण ते वापरत होतो, पण आता ते वर्णमालेत मानानं बसले. शब्दांसाठी वर्णमालेनं जागा करून दिली, मग निबंधानं का देऊ नये, एवढंच विचारायचं, आवाज न चढवता.

आता तुमच्या जोडलेल्या फोटोकडं येते, कारण मला सगळ्यात जास्त तोच लागला. सातव्या ओळीत पोरानं लिहिलं आहे: 'डीपी जळाली म्हणून बाबा रात्री वावरात गेले नाही.' काय सुंदर वाक्य आहे. डीपीभोवती लाल गोल आहे, पण तुम्ही डीपी कापत नाही म्हणता, म्हणजे तो दुसऱ्या सरांचा असेल. पण 'वावरात' भोवतीही गोल आहे आणि शेजारी निळ्या शाईत लिहिलं आहे, 'शेतात'. ते अक्षर आणि तुमच्या चार पानांतलं अक्षर एकच आहे सर. मुद्रितशोधकाच्या डोळ्यातून अक्षर सुटत नाही.

तुम्ही दूरून आलेल्या डीपीसाठी संपादकांशी भांडायला निघाले आणि घरचं वावर कापून टाकलं. मी ओलितचं सिंचन केलं होतं ना, अगदी तेच. बघा, पुण्या-मुंबईच्या छापील मराठीनं आपल्याला एक सवय लावली आहे, की परका शब्द आला तर निदान त्यावर वाद होतो, पण वऱ्हाडी शब्द आला तर वादही होत नाही, नुसता गोल होतो. वावर, ओलित, पऱ्हाटी, ढोर हे गेले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही, कारण त्यांच्या जागी आलेले शब्द मराठीच असतात. शेत हा चुकीचा शब्द नाही, पण तो त्या पोराच्या बाबांचा शब्द नाही. प्रमाणभाषा शिकवायची हे तुमचं कामच आहे, मान्य, तर शेजारी 'शेतात असंही लिहितात' एवढं लिहा. गोल कशाला?

संपादकांना पत्र मी असं लिहिलं असतं, तुम्ही तुमच्या शब्दांत लिहा:

*"महोदय, आपल्या अंकात बातम्यांतले इंग्रजी शब्द काढून टाकावेत असं पत्र वाचलं. मी खेड्यात मराठी शिकवतो. माझ्या एका विद्यार्थ्यानं निबंधात लिहिलं, 'डीपी जळाली म्हणून बाबा रात्री वावरात गेले नाही.' यातल्या डीपीच्या जागी रोहित्र घातलं तर वाक्य खोटं होतं, कारण गावात डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, खालची पेटी, फ्यूज, केबल असं सगळं मिळून. रोहित्र म्हणजे त्यातला एकच भाग. हा शब्द इंग्रजी अक्षरांचा असला तरी हा अर्थ इथलाच आहे. ज्या शब्दांना मराठी पर्याय तोंडात आहे तिथं तो जरूर वापरावा, ठिबक हे त्याचं उत्तम उदाहरण. पण जिथं पर्यायानं अर्थ बदलतो तिथं लोकांचा शब्द ठेवावा. हेच मी वावर आणि ओलित या वऱ्हाडी शब्दांबद्दलही म्हणेन, तेही बातम्यांतून हल्ली दिसत नाहीत. त्यांनाही जागा द्यावी ही विनंती."*

शंभरावर थोडे शब्द आहेत, कात्री लागली तरी जीव जाणार नाही. वर ज्या पत्राला उत्तर देता त्याची तारीख आणि मथळा लिहा, खाली पूर्ण नाव, गाव, फोन नंबर, कारण पत्र खरं कोणाचं आहे हे विचारायला पुष्कळदा फोन येतो. कागदाचा फोटो पाठवू नका, टाईप करून पाठवा. एकाच वेळी दोन पेपरांना देऊ नका, पंधरा दिवस वाट बघा, नाही आलं तर मग दुसरीकडं. आणि विद्यार्थ्याचं, गावाचं नाव त्यात घालू नका, नाहीतर ते भाषेचं पत्र न राहता वीज ऑफिसविरुद्धची तक्रार होईल आणि तुम्हाला विनाकारण खुलासे देत बसावं लागेल.

पाठवायच्या आधी तेवढा त्या वहीतला निळा गोल काढा. खोडरबरानं शाई निघणार नाही म्हणा, तर त्याच्यावर 'बरोबर' लिहा आणि सही करा, पोराला दाखवून. आणि खोडरबर हा शब्द कोणत्या भाषेचा, हे पुढच्या तासाला वर्गाला विचारून बघा.